प्रेक्षक कोणत्या वाटेने आला : प्रस्तावना

यूट्यूबवर चॅनल चालविणाऱ्या माणसाला आपल्या व्हिडिओचा सारा हिशेब ज्या दप्तरात पाहावयास मिळतो, त्या यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्स विभागात ‘ट्रॅफिक सोर्स’ या नावाचा एक तक्ता असतो. एकूण व्ह्यूज किती झाले हे सांगणाऱ्या ठळक आकड्यापुढे हा तक्ता बहुधा दुर्लक्षित राहतो, आणि जे कोणी तो आवर्जून उघडतात त्यांच्यापैकीही पुष्कळांची समजूत अशी असते की, त्यात दिलेली टक्केवारी म्हणजे यूट्यूबने आपल्या व्हिडिओवर केलेल्या कृपेचे अथवा अवकृपेचे मोजमापच होय. ही समजूत निराधार आहे, आणि तिच्यापायी चांगले चाललेले व्हिडिओ बदलले जातात, शीर्षके मोडली जातात, व्यर्थ खिन्नता पदरी येते. तक्त्याच्या प्रत्येक सदराखाली नेमके काय नोंदले जाते, काय नोंदले जात नाही, आणि एका सदराचा आकडा दुसऱ्याशी कोणत्या अटींवर ताडून पाहावा, हे पुढील प्रकरणांत विस्ताराने आले आहे. त्याची पूर्वपीठिका वाचकापुढे मांडावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

सदरे पुष्कळ आहेत, परंतु सामान्य लांबीच्या व्हिडिओच्या बाबतीत बहुतेक सारा भार चौघांवर पडतो. यूट्यूब उघडताच समोर येणारे ‘होम’, आपण सदस्य झालेल्या चॅनलांचे नवे व्हिडिओ दाखविणारे ‘सबस्क्रिप्शन्स’, नंतर पाहण्यासाठी बाजूस ठेवलेल्या व्हिडिओंची यादी, पूर्वी पाहिलेल्यांचा इतिहास, या ठिकाणांहून जो आला तो ‘ब्राउझ फीचर्स’मध्ये जमा होतो. एक व्हिडिओ पाहत असता त्याच्या शेजारी, मोबाइलवर त्याच्या खाली, किंवा तो संपल्यावर आपोआप पुढे जो व्हिडिओ येतो, त्याचे व्ह्यूज ‘सजेस्टेड व्हिडिओज’चे; एखाद्या व्हिडिओच्या वर्णनात दिलेल्या दुव्यावरून कोणी आला तर तोही याच सदरात पडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यूट्यूबच्या शोधपट्टीत शब्द लिहून जो आला तो ‘यूट्यूब सर्च’चा, आणि यूट्यूबच्या बाहेरील एखाद्या संकेतस्थळावरून वा ॲपमधून जो आला, अथवा तेथेच जडवलेला व्हिडिओ ज्याने पाहिला, तो ‘एक्स्टर्नल’चा.

या चार नावांत अवघड काही नाही. अवघड आहेत त्या त्यांच्या हद्दी. गूगलवर शोधून जो प्रेक्षक व्हिडिओपर्यंत पोहोचला, त्याने शोध तर केला, परंतु तो यूट्यूबच्या बाहेर केला, म्हणून त्याची गणना सर्चमध्ये न होता एक्स्टर्नलमध्ये होते. घंटेचे बटण दाबून ठेवलेल्या निष्ठावंत सदस्याला सूचना मिळाली आणि ती दाबून तो आला, तर तो ‘नोटिफिकेशन्स’ या स्वतंत्र सदरात जातो. तोच सदस्य सूचना न उघडता सबस्क्रिप्शन्सच्या पानावरून आला तर ब्राउझमध्ये. व्हिडिओच्या अखेरीस आपण स्वतः लावलेल्या चौकटीवर कोणी बोट ठेवले तर ते सजेस्टेड नव्हे, ‘एंड स्क्रीन्स’ होय. आणि ज्याच्या येण्याचा मागमूसच लागत नाही, ज्याने पत्ता थेट लिहिला किंवा जपून ठेवलेली खूण उघडली, त्याच्यासाठी ‘डायरेक्ट ऑर अननोन’ हे सदर आहे. त्यात खोलवर शोधण्यासारखे काही नसते, कारण खुद्द यूट्यूबलाच तेथे अधिक काही कळलेले नसते.

या नोंदींचे स्वरूप जुन्या जकात नाक्यावरील नोंदवहीसारखे आहे. नाक्यावरचा कारकून गाडी कोणत्या वेशीने शहरात शिरली हे लिहून घेत असे. गाडीवाला या शहराकडे का वळला, त्याला इथल्या बाजाराची वार्ता कोणी सांगितली, हे त्या वहीत येत नसे. ट्रॅफिक सोर्सही शेवटची वेस तेवढी सांगतो. एखाद्या बाईंनी गेल्या वर्षी शोध घेऊन तुमचा व्हिडिओ पाहिला, त्यांना तो आवडला, या वर्षी त्यांच्या होमवर तुमचा दुसरा व्हिडिओ आला आणि त्यांनी तो उघडला, तर या वर्षीची जमा ब्राउझच्या नावे होईल. ज्या शोधामुळे हा परिचय घडला त्याचे श्रेय तक्त्यात कोठेही दिसणार नाही. सदर म्हणजे कारण नव्हे, हे एक वाक्य वाचकाने मनाशी धरले तर पुढील सर्व विवेचन त्याला सुगम होईल.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे मी समजुतीसाठी कल्पिलेले आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून पूर्णांकात ठेवले आहेत. परंतु त्यांची घडण सणावारी पाककृतींच्या व्हिडिओंत सर्रास दिसते तशीच आहे. उकडीच्या मोदकांचा एक बारा मिनिटांचा व्हिडिओ जूनमध्ये प्रसिद्ध झाला असे समजा. पहिल्या २८ दिवसांत त्याला ४,००० व्ह्यूज मिळाले. चॅनलचे नेहमीचे प्रेक्षक होमवर आणि सबस्क्रिप्शन्सवर भेटले, म्हणून त्यांतील २,००० ब्राउझचे. सर्चचे ८००, सजेस्टेडचे ६००, एक्स्टर्नलचे ४००, आणि उरलेल्या सर्व सदरांचे मिळून २००. पुढे गणेश चतुर्थी जवळ आली आणि तिच्या आधीच्या २८ दिवसांत याच व्हिडिओला ४०,००० व्ह्यूज झाले: सर्चचे १८,०००, सजेस्टेडचे १२,०००, ब्राउझचे ४,०००, एक्स्टर्नलचे ४,००० आणि इतरांचे २,०००.

तक्त्यात प्रथम डोळ्यांत भरते ती टक्केवारी, आणि ती सांगते की ब्राउझचा वाटा पन्नास टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आला. चॅनलचालक कासावीस होतो, आपला व्हिडिओ होमवरून उतरविला गेला असे मित्रांना सांगू लागतो, आणि घाईने थंबनेल बदलतो. वस्तुतः ब्राउझचे व्ह्यूज दोन हजारांचे चार हजार झाले, म्हणजे दुप्पट झाले. त्याच अवधीत सर्चची आवक बावीस पटींहून अधिक वाढली, एवढाच त्या घसरणीचा अर्थ. वाट्यांची बेरीज नेहमी शंभर भरली पाहिजे, म्हणून एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटणे अपरिहार्य असते, मग त्या दुसऱ्याची मूळ रक्कम वाढलेली का असेना. उलट एक्स्टर्नलचा वाटा दोन्ही वेळा दहा टक्केच राहिला, म्हणून तिकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. परंतु तेथे चारशेचे चार हजार झाले, आणि ही दहापट वाढ कोठून आली याची चौकशी करणे अगत्याचे होते. टक्केवारी वाचण्याआधी संख्या वाचावी, हा नियम कोणी इतका साधा म्हणून सोडून देऊ नये.

याहून सूक्ष्म, आणि माझ्या मते अधिक हानिकारक, असा भ्रम सरासरी पाहण्याच्या वेळेविषयी होतो. समजा, ब्राउझने आलेला प्रेक्षक हा व्हिडिओ सरासरी सहा मिनिटे पाहतो, सजेस्टेडचा पाच, सर्चचा तीन, एक्स्टर्नलचा एक, आणि इतर सदरांचा चार. आणि समजा की जूनमध्येही हेच प्रमाण होते व सणाच्या तोंडावरही हेच राहिले, त्यात तिळमात्र फरक पडला नाही. तरीही पहिल्या अवधीची एकूण सरासरी ४ मिनिटे ३९ सेकंद येते, आणि दुसऱ्या अवधीची ३ मिनिटे ४५ सेकंद. जवळजवळ एक मिनिट कमी झाले, आणि व्हिडिओ मात्र तोच, त्याला दाद देणाराही तितकीच दाद देणारा. बदलले ते केवळ गर्दीचे मिश्रण: थोडा वेळ थांबणाऱ्या शोधकांची संख्या वाढली, रेंगाळणाऱ्या परिचितांचे प्रमाण घटले. एकूण सरासरी खाली आली म्हणून व्हिडिओ कंटाळवाणा ठरला असा निष्कर्ष काढून पुढचा व्हिडिओ निम्म्या लांबीचा करणारे चॅनलचालक आढळतात, आणि त्यांचे जुने प्रेक्षक त्यामुळे हिरमुसतात. म्हणून सरासरी ही नेहमी सदरवार पाहावी; ॲनालिटिक्समधील ‘ॲडव्हान्स्ड मोड’ उघडला की प्रत्येक ट्रॅफिक सोर्सपुढे त्याची स्वतःची सरासरी स्वतंत्रपणे मिळते, आणि मग सर्चची तुलना सर्चशी, ब्राउझची ब्राउझशी करता येते.

शोधून आलेला प्रेक्षक तीनच मिनिटे थांबतो हा त्याचा दोष नव्हे. तो एका निश्चित गरजेने आलेला असतो, आणि ती गरज कोणती हे जाणण्याचे साधन याच तक्त्यात आहे. ‘यूट्यूब सर्च’ या ओळीवर बोट ठेवले की लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेल्या शब्दांची यादी उघडते. मोदकांच्या व्हिडिओखाली `ukadiche modak recipe in marathi` असे रोमन लिपीत लिहिणारे आढळतील, `उकडीचे मोदक` असे देवनागरीत लिहिणारे आढळतील, `ukdiche modak` असे एक स्वर गाळून लिहिणारेही आढळतील. आणि थोडे खाली उतरले की `modak phutu naye mhanun` किंवा `modak ukad praman` यांसारखे शोध दिसतील. वरचे तीन शोध विषयाचे नाव घेतात, खालचे दोन अडचणीचे नाव घेतात. जिच्या चुलीवर मोदकपात्र चढलेले आहे आणि पहिल्या खेपेचे मोदक फुटले आहेत, ती बाई सारण कसे परतावे हे पाहण्यासाठी थांबणार नाही. तिला पाणी आणि तांदळाची पिठी समप्रमाणात घ्यावी, पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पिठी घालावी, झाकण ठेवून वाफ द्यावी आणि उकड गरम असतानाच मळावी, एवढे हवे आहे. ते व्हिडिओच्या सातव्या मिनिटाला असेल तर ती ओढत ओढत तेथे जाईल किंवा निघून जाईल. वर्णनात `0:00` पासून आरंभ करून वेळेचे टप्पे लिहून ठेवले, म्हणजे उकडीचे प्रमाण कोठे, पारी कोठे, कळ्या पाडणे कोठे हे तिला एका दृष्टिक्षेपात कळते. अशा प्रेक्षकाची सरासरी त्यानंतर आणखी कमी होण्याचा संभव आहे, आणि तरीही तिचे काम अधिक चांगले झालेले असते. हा विरोधाभास ज्याला पचला त्याला सर्च हे सदर समजले असे म्हणावयास हरकत नाही. शोधशब्दांची ही यादी मात्र संपूर्ण नसते. फार थोड्या लोकांनी लिहिलेले शब्द तीत दाखविले जात नाहीत, म्हणून यादीची बेरीज सदराच्या रकमेशी जुळली नाही तर हिशेबात अफरातफर झाली असे समजू नये.

सजेस्टेड व्हिडिओजची ओळ उघडली की शब्दांऐवजी व्हिडिओंची नावे दिसतात: कोणते व्हिडिओ पाहत असता लोक तुमच्याकडे वळले, त्यांची. येथे विचारण्याचा पहिला प्रश्न असा की, ही नावे आपलीच आहेत की परक्यांची. आपल्याच पुरणपोळीच्या व्हिडिओवरून लोक मोदकांकडे येत असतील, तर चॅनलवर आलेला प्रेक्षक चॅनलवरच फिरतो आहे असे समजावे. परक्या मोठ्या व्हिडिओची नावे वर असतील तर आवक मोठी असली तरी ती दुसऱ्याच्या भरतीओहोटीवर अवलंबून असते. तो मूळ व्हिडिओ ओसरला की ही ओळही ओसरते, आणि आपल्या व्हिडिओत कोणतेही न्यून निर्माण झालेले नसता ती ओसरते. शिफारशींचे हे यंत्र २०१२ पासून निव्वळ क्लिकांऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व देऊ लागले, आणि पुढे प्रेक्षकांच्या समाधानाच्या इतर खुणाही त्यात मिळविल्या गेल्या. त्यामुळे केवळ भडक चित्र लावून या सदराची आवक टिकविता येत नाही.

एक्स्टर्नलची ओळ उघडली की संकेतस्थळे आणि ॲप यांची नावे मिळतात, आणि आपल्याकडील पाककृतींच्या चॅनलवर त्यांत व्हॉट्सॲप अनेकदा आघाडीवर असते. कोणा मावशींनी कुटुंबाच्या गटात दुवा टाकला, दहाजणांनी तो उघडला, आठजणांनी मिनिटभरात बंद केला. आपल्या कल्पित हिशेबातील एका मिनिटाची सरासरी अशीच घडते. तिच्यावरून व्हिडिओची प्रत पारखू नये. मात्र त्या चार हजारांत गूगल शोधावरून आलेलेही असू शकतात, आणि ते स्वभावाने सर्चच्या प्रेक्षकाचे सगे असतात, म्हणून या सदराची फोड केल्यावाचून त्याच्यावर मत देणे अनुचित होय.

उरला तो इंप्रेशन्सचा प्रश्न. थंबनेलचा निदान अर्धा भाग एका सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर दिसला की एक इंप्रेशन धरले जाते, आणि शंभर इंप्रेशन्समागे किती जणांनी व्हिडिओ उघडला त्यावरून क्लिकचा दर निघतो. परंतु ही मोजणी यूट्यूबच्या स्वतःच्या पानांवर होते. बाहेरील संकेतस्थळावर, सूचनांत, किंवा व्हिडिओच्या अखेरच्या चौकटीत दिसलेले थंबनेल तीत धरले जात नाही. म्हणून एक्स्टर्नलपुढे क्लिकचा दर रिकामा दिसतो, आणि इंप्रेशन्सना दराने गुणून येणारी संख्या एकूण व्ह्यूजपेक्षा कमी भरते. यूट्यूबने स्वतः सांगितल्याप्रमाणे निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. पण ही पट्टी सर्व सदरांना सारखी लावता येत नाही. होमवर प्रथम ज्यांना व्हिडिओ दाखविला जातो ते बहुधा आपले ओळखीचे प्रेक्षक असतात. त्यांच्यासमोर ५,००० वेळा थंबनेल आले आणि दहा टक्क्यांनी उघडले तर ५०० व्ह्यूज होतात. पुढे तोच व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे नेला गेला, ६०,००० इंप्रेशन्स झाली आणि दर चार टक्क्यांवर आला, तर व्ह्यूज २,४०० होतात. येथे दर घसरला तो विस्तारामुळे. ब्राउझच्या दराची घसरण खरोखर चिंताजनक केव्हा ठरते, तर इंप्रेशन्स वाढली नसतानाही दर खाली आला असेल तेव्हा. आणि तो दर चांगला असूनही त्या सदराची सरासरी वेळ अगदी अल्प असेल, तर थंबनेलने दिलेले वचन व्हिडिओने पाळले नाही असा तर्क करावा.

या सर्व वाचनाला काळाची एक मर्यादा आहे. तपशीलवार अहवालातील ताजे आकडे दोनएक दिवस मागे असतात, म्हणून प्रसिद्धीच्या दुसऱ्या दिवशी सदरांची फोड करून निर्णय घेऊ नये. आणि सणावारी व्हिडिओच्या बाबतीत तर इंग्रजी महिन्यांची तुलनाही फसवी ठरते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, २०२४ साली ७ सप्टेंबरला, आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. ज्याने २०२४ च्या ऑगस्टशी २०२५ चा ऑगस्ट ताडून पाहिला, त्याला सर्चची आवक प्रचंड वाढल्याचा आनंद झाला असेल, आणि दोन्ही वर्षांचे सप्टेंबर ताडून पाहणाऱ्यास ती बुडाल्याचा धसका बसला असेल. दोघांच्याही व्हिडिओत काही घडलेले नव्हते, तिथी तेवढी सरकली होती.

तेव्हा वाचकाला माझी विनंती अशी की, पुढील प्रकरणे वाचताना त्याने स्वतःचा एखादा जुना, निदान दोन वर्षांच्या सणांतून गेलेला व्हिडिओ ॲडव्हान्स्ड मोडमध्ये उघडून समोर ठेवावा. तारखा सणाच्या दिवसापासून मागे २८ दिवस मोजून निवडाव्यात. आणि प्रत्येक सदरापुढे व्ह्यूज, इंप्रेशन्स, क्लिकचा दर व सरासरी वेळ असे चार आकडे दोन वर्षांसाठी कागदावर शेजारी शेजारी उतरून घ्यावेत. टक्केवारीचा रकाना त्या कागदावर मुळीच घेऊ नये.